पाच जोड्यांवरून कोव्हेरियन्स आणि पिअरसन सहसंबंध हाताने कसा काढावा

हे गणित चुकते ते गुणाकारात क्वचितच. पाच जोड्यांच्या सरासऱ्या, विचलने आणि वर्ग बहुतेकांना बिनचूक काढता येतात, तरीही उत्तर चुकीचे येते. याची कारणे ठरावीक आहेत: जोड्या लिहितानाच मोडतात, एखादे ऋण चिन्ह गळते, किंवा कोव्हेरियन्सला एक भाजक आणि प्रमाण विचलनाला दुसराच भाजक वापरला जातो. अशा चुकांतून येणारे उत्तर बहुधा ० आणि १ यांच्या दरम्यानच असते, त्यामुळे ते पाहून कोणालाही शंका येत नाही. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यानंतर एक पडताळणी दिली आहे, आणि कोणती चूक कोणत्या पडताळणीत सापडते व कोणती सापडत नाही हेही सांगितले आहे.

उदाहरण करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळाचे घेऊ. प्रत्येक आदण, म्हणजे एका वेळी उकळायचा रस, काहिलीत चढवण्यापूर्वी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचे ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेचे प्रमाण, पाहिले आणि त्याच आदणाचा गुळाचा उतारा, म्हणजे एक टन उसामागे किती किलो गूळ निघाला ते, नोंदवून ठेवले. रसाचे ब्रिक्स वाढले की उताराही वाढतो का, आणि ही जोड किती पक्की आहे, हा प्रश्न आहे. आकडे सरावासाठी रचलेले आहेत. प्रत्यक्ष मोजणीचे निष्कर्ष म्हणून ते वापरू नयेत.

## टप्पा १: जोड्या नीट मांडा

कोरा कागद आडवा धरा आणि सात स्तंभ आखा: आदणाचा क्रमांक, x, y, x चे विचलन, y चे विचलन, विचलनांचा गुणाकार, आणि शेवटी वर्गांसाठी जागा. वर्गांचे दोन वेगळे स्तंभ केले तरी चालेल, पण सगळे एकाच तक्त्यात असावे. अर्धे गणित एका पानावर आणि अर्धे दुसऱ्या पानावर केल्यास एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीत जाण्याची शक्यता फार वाढते.

x म्हणजे रसाचे ब्रिक्स आणि y म्हणजे प्रति टन गूळ, किलोमध्ये.

| आदण | x | y |
|---|---|---|
| १ | १८ | १०४ |
| २ | २१ | ११५ |
| ३ | १७ | १०६ |
| ४ | २० | १०८ |
| ५ | १९ | ११२ |

आदणाचा क्रमांक लिहिणे अनेकांना अनावश्यक वाटते. तो गणितात कुठेच येत नाही हे खरे, पण x आणि y यांना एकत्र बांधून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे. गुऱ्हाळावर ब्रिक्सची नोंद रस काहिलीत पडण्यापूर्वी होते, तर गुळाचे वजन पाक वाफ्यात ओतून, निवून, त्याचे रवे भरल्यावर होते. मधल्या काही तासांत दुसरे आदण चढलेले असते. दोन नोंदी दोन वेगळ्या पानांवर असतील आणि आदणाचा क्रमांक नसेल, तर संध्याकाळी कोणता रस कोणत्या गुळाचा हे गुळव्यालाही खात्रीने सांगता येत नाही. अशा नोंदींवरून काढलेला सहसंबंध अंकगणिताने कितीही बरोबर असला तरी निरर्थक असतो.

सावधान: स्तंभ वेगवेगळे चढत्या क्रमाने लावू नका. मध्यक काढताना आकडे चढत्या क्रमाने लावायची सवय झालेली असते, आणि तीच सवय येथे घात करते. वरच्या तक्त्यात x चे आकडे १७, १८, १९, २०, २१ असे लावले आणि y चेही स्वतंत्रपणे १०४, १०६, १०८, ११२, ११५ असे लावले, तर शेवटी सहसंबंध ०.९९ येतो. खरे उत्तर ०.७८ आहे. या चुकीचा त्रास असा की दोन्ही सरासऱ्या, दोन्ही विचलनांच्या बेरजा आणि वर्गांच्या बेरजा जशाच्या तशाच राहतात, त्यामुळे पुढची कोणतीही बेरजेची पडताळणी ती पकडू शकत नाही. ती याच टप्प्यावर, मूळ नोंदीशी ओळीने ओळ ताडूनच पकडावी लागते. क्रम लावायचाच असेल, तर पूर्ण ओळ उचलून हलवा.

पडताळणी: तक्त्यातली प्रत्येक ओळ मूळ नोंदीशी मोठ्याने वाचून जुळवा. "दुसरे आदण, एकवीस, एकशे पंधरा" असे वाचले की जोडी मोडलेली असल्यास लगेच कानाला खटकते.

## टप्पा २: दोन्ही सरासऱ्या

x ची बेरीज १८ + २१ + १७ + २० + १९ = ९५, म्हणून सरासरी ९५ ÷ ५ = १९.

y ची बेरीज १०४ + ११५ + १०६ + १०८ + ११२ = ५४५, म्हणून सरासरी ५४५ ÷ ५ = १०९.

येथे दोन्ही सरासऱ्या पूर्णांकात आल्या, कारण उदाहरण तसे निवडले आहे. प्रत्यक्षात बहुधा तसे होणार नाही. पाचने भाग देताना दशांशाचे एकच स्थळ जास्तीचे लागते, म्हणजे मूळ आकडे पूर्णांक असतील तर सरासरी .२, .४, .६ किंवा .८ अशी नेमकी येते. ती पूर्ण लिहा; १०९.२ चे १०९ करू नका. त्याने काय बिघडते ते सातव्या टप्प्यात दाखवले आहे.

## टप्पा ३: विचलने

प्रत्येक आकड्यातून त्याच्याच स्तंभाची सरासरी वजा करा. चिन्ह प्रत्येक वेळी लिहा, धन असले तरी लिहा.

| आदण | x − १९ | y − १०९ |
|---|---|---|
| १ | −१ | −५ |
| २ | +२ | +६ |
| ३ | −२ | −३ |
| ४ | +१ | −१ |
| ५ | ० | +३ |
| बेरीज | ० | ० |

पडताळणी: दोन्ही स्तंभांची बेरीज शून्यच यायला हवी. ती येत नसेल तर पुढे जाऊ नका. सरासरी चुकली असेल तर बेरीज त्या चुकीच्या पाचपट येते, म्हणजे बेरीज +५ आली तर सरासरी १ ने कमी धरली गेली आहे. बेरीज पाचच्या पटीत बसण्यासारखी नसेल, तर सरासरीपेक्षा एखादी वजाबाकी चुकल्याचा संशय आधी घ्यावा. चिन्ह उलटे लिहिले असेल तर बेरीज त्या विचलनाच्या दुप्पट येते. +६ ऐवजी −६ लिहिले तर बेरीज −१२ दिसेल.

सावधान: वजाबाकीची दिशा दोन्ही स्तंभांत एकच ठेवा. x मध्ये "आकडा वजा सरासरी" आणि y मध्ये "सरासरी वजा आकडा" असे केले, तर दोन्ही बेरजा शून्यच येतात, पण शेवटचे उत्तर −०.७८ होते. दोन्हीकडे उलटी दिशा घेतली तर मात्र काहीच बिघडत नाही, कारण ऋण गुणिले ऋण धनच असते.

## टप्पा ४: गुणाकार आणि वर्ग

आता प्रत्येक ओळीत तीन गोष्टी काढायच्या आहेत: दोन विचलनांचा गुणाकार, x च्या विचलनाचा वर्ग आणि y च्या विचलनाचा वर्ग.

| आदण | विचलनांचा गुणाकार | x विचलनाचा वर्ग | y विचलनाचा वर्ग |
|---|---|---|---|
| १ | (−१)(−५) = +५ | १ | २५ |
| २ | (+२)(+६) = +१२ | ४ | ३६ |
| ३ | (−२)(−३) = +६ | ४ | ९ |
| ४ | (+१)(−१) = −१ | १ | १ |
| ५ | (०)(+३) = ० | ० | ९ |
| बेरीज | २२ | १० | ८० |

या तीन बेरजा, २२, १० आणि ८०, हाच या साऱ्या गणिताचा गाभा आहे. पुढे जे काही येते ते या तीन आकड्यांवरूनच येते, म्हणून त्यांना Sxy, Sxx आणि Syy अशी नावे देऊन चौकटीत लिहून ठेवावे.

चौथ्या ओळीकडे नीट पाहा. तेथे रसाचे ब्रिक्स सरासरीपेक्षा वर आहे, पण उतारा सरासरीपेक्षा खाली आहे. ही एक जोडी बाकीच्यांच्या विरुद्ध बोलते आणि तिचे ते बोलणे −१ मध्ये नोंदले जाते. हे ऋण चिन्ह गळाले तर बेरीज २२ ऐवजी २४ होते आणि सहसंबंध ०.८५ येतो, जो पाहायला अगदी सभ्य दिसतो. विचलनांच्या बेरजा येथे काही सांगत नाहीत, कारण त्या तर आधीच बरोबर आलेल्या असतात. म्हणून गुणाकाराचा स्तंभ भरून झाल्यावर फक्त चिन्हांवरून एकदा बोट फिरवावे: दोन्ही विचलनांची चिन्हे सारखी असतील तेथे धन, वेगळी असतील तेथे ऋण, आणि एक जरी शून्य असेल तर गुणाकार शून्य.

पाचव्या ओळीत गुणाकार शून्य आला म्हणून ती ओळ खोडायची नाही. x अगदी सरासरीवर असल्याने तिने २२ मध्ये भर घातली नाही, पण तिच्या y विचलनाचा ९ हा वर्ग ८० मध्ये आहे आणि जोड्यांची संख्या पाचच राहते.

सावधान: बेरजांचा गुणाकार करू नका. आधी दोन्ही विचलनांच्या बेरजा घेऊन मग गुणाकार केला, तर नेहमी शून्यच मिळेल, मग आकडे कोणतेही असोत. आधी ओळीतला गुणाकार, मग स्तंभाची बेरीज, हाच क्रम. वर्गांचेही तसेच: आधी वर्ग, नंतर बेरीज.

पडताळणी: २२ × २२ = ४८४ आणि १० × ८० = ८००. पहिली संख्या दुसरीपेक्षा कधीही मोठी असू शकत नाही. ती मोठी आली तर सहसंबंध १ च्या पुढे जाईल, म्हणजे तीन बेरजांपैकी एखादी निश्चित चुकली आहे. वर्गमूळ काढण्याची मेहनत घेण्याआधीच ही तुलना करून घ्यावी.

## टप्पा ५: कोव्हेरियन्स

बहुतेक गोंधळ याच टप्प्यावर होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

कोव्हेरियन्स म्हणजे विचलनांच्या गुणाकारांची सरासरी. प्रश्न एवढाच की २२ ला पाचने भागायचे की चारने.

या पाच आदणांपलीकडे आपल्याला काहीच म्हणायचे नसेल, म्हणजे ही पाचच आदणे हा आपला संपूर्ण समूह असेल, तर भाजक जोड्यांची संख्या, म्हणजे n = ५. मग कोव्हेरियन्स २२ ÷ ५ = ४.४.

ही पाच आदणे संपूर्ण हंगामातला एक नमुना असतील आणि त्यांच्यावरून हंगामाबद्दल अंदाज करायचा असेल, तर भाजक n − १ = ४. मग कोव्हेरियन्स २२ ÷ ४ = ५.५.

चारच का, याचे कारण तिसऱ्या टप्प्यातच आहे. विचलनांची बेरीज शून्य असण्याचे बंधन असते, त्यामुळे चार विचलने कळली की पाचवे आपोआप ठरते. स्वतंत्र माहिती चारच विचलनांत असते. सरासरी याच नमुन्यातून काढलेली असल्याने विचलने खऱ्या सरासरीपासून मोजली असती त्यापेक्षा एकंदरीत लहान येतात, आणि चारने भागल्याने ती तूट भरून निघते. पाचच जोड्या असताना हा फरक नगण्य नसतो: ५.५ हे ४.४ च्या सव्वापट आहे.

गुऱ्हाळाच्या उदाहरणात आपल्याला हंगामाबद्दल बोलायचे आहे, म्हणून ५.५ घेऊ. परीक्षेत प्रश्नात "नमुना" असा शब्द आहे का ते पाहावे, आणि कोणताही भाजक घेतला तरी तो उत्तरात स्पष्ट लिहावा.

या ५.५ चा अर्थ किती घ्यायचा? चिन्ह धन आहे, म्हणजे ब्रिक्स वाढताना उतारा एकंदर वाढतो. याहून जास्त अर्थ त्यात नाही, कारण या आकड्याचे एकक "ब्रिक्स गुणिले किलो" असे विचित्र आहे. गूळ किलोऐवजी क्विंटलमध्ये नोंदवला तर y चे सर्व आकडे शंभराने लहान होतात आणि कोव्हेरियन्स ०.०५५ होतो. रस तोच आणि गूळही तोच, फक्त आकडा शंभरपट लहान. म्हणून दोन गुऱ्हाळांचे कोव्हेरियन्स समोरासमोर ठेवून कोणाकडे जोड पक्की आहे हे सांगता येत नाही. त्यासाठीच पुढचा टप्पा आहे.

## टप्पा ६: पिअरसन सहसंबंध

सूत्र दोन प्रकारे लिहिले जाते. पहिले असे की कोव्हेरियन्सला दोन्ही प्रमाण विचलनांच्या गुणाकाराने भागायचे. दुसरे असे:

```
r = Sxy / √(Sxx × Syy)
```

हाताने काढताना दुसरे वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात भाजक ४ की ५ हा प्रश्नच येत नाही, आणि वर्गमूळ दोनदा न काढता एकदाच काढावे लागते.

आपल्याकडे r = २२ ÷ √(१० × ८०) = २२ ÷ √८००.

√८०० हाताने काढायचे तर २८ × २८ = ७८४ आणि २९ × २९ = ८४१, म्हणजे उत्तर २८ आणि २९ च्या मध्ये, २८ च्या जवळ. उरलेले १६ हे २८ च्या दुपटीने, ५६ ने भागले की सुमारे ०.२८६ मिळतात, पण खरे उत्तर याहून किंचित लहान असते. २८.२८ चा वर्ग ७९९.७६ येतो, तेव्हा २८.२८ पुरेसे आहे.

r = २२ ÷ २८.२८ = ०.७७८, म्हणजे सुमारे ०.७८.

पहिल्या सूत्राने तेच करून पाहू. व्हेरियन्स म्हणजे विचलनांच्या वर्गांची सरासरी, आणि प्रमाण विचलन म्हणजे तिचे वर्गमूळ. n − १ ने भागले तर x चे व्हेरियन्स १० ÷ ४ = २.५ आणि y चे ८० ÷ ४ = २०; प्रमाण विचलने अनुक्रमे १.५८१ आणि ४.४७२. त्यांचा गुणाकार ७.०७१ आणि ५.५ ÷ ७.०७१ = ०.७७८. n ने भागले तर व्हेरियन्स २ आणि १६, प्रमाण विचलने १.४१४ आणि ४, गुणाकार ५.६५७ आणि ४.४ ÷ ५.६५७ = ०.७७८. दोन्हीकडे उत्तर एकच, कारण वरचा आणि खालचा भाजक एकमेकांना छेदून जातो. फक्त तो दोन्हीकडे एकच असायला हवा.

सावधान: भाजकांची सरमिसळ. कोव्हेरियन्स चारने भागून घेतला (५.५) आणि प्रमाण विचलने पाचने भागून घेतली (गुणाकार ५.६५७), तर r = ०.९७ येतो. उलट केले, म्हणजे ४.४ ला ७.०७१ ने भागले, तर ०.६२ येतो. पाच जोड्यांत पहिल्या प्रकारची सरमिसळ खऱ्या उत्तराला सव्वापट करते आणि दुसरी त्याला पाचातला एक हिस्सा कमी करते. खरे उत्तर ०.८ पेक्षा मोठे असते तर पहिली चूक १ च्या पुढे जाऊन उघडी पडली असती. येथे ती पडत नाही. दुसरी तर कधीच उघडी पडत नाही, कारण ती उत्तराला नेहमी लहानच करते.

हाताने काढलेले उत्तर संगणकावर तपासतानाही हीच सरमिसळ होते. एक्सेलमध्ये `COVAR` आणि `COVARIANCE.P` हे n ने भागतात, तर `COVARIANCE.S`, `STDEV` आणि `STDEV.S` हे n − १ ने. म्हणून `COVAR` च्या उत्तराला दोन `STDEV` च्या गुणाकाराने भागणाऱ्याला ०.६२ मिळते, आणि तो आपल्या हातच्या बरोबर गणितावर अविश्वास दाखवतो. तपासायचेच असेल तर r साठी थेट `CORREL` वापरा.

पडताळणी: r चे चिन्ह आणि कोव्हेरियन्सचे चिन्ह एकच असते. r चा आकडा −१ ते +१ च्या बाहेर जात नाही. आणि उत्तर अगदीच लहान आले, उदाहरणार्थ ०.०२७५, तर वर्गमूळ घ्यायचे राहिले आहे का ते आधी पाहा, कारण २२ ÷ ८०० म्हणजेच ०.०२७५.

## टप्पा ७: दुसऱ्या वाटेने तपासणी

त्याच वाटेने पुन्हा गणित केले तर माणूस तीच चूक पुन्हा करतो. म्हणून तपासणी वेगळ्या वाटेने करावी. x मधून एक सोयीचा आकडा आणि y मधून दुसरा सोयीचा आकडा वजा केला तर कोव्हेरियन्स आणि r दोन्ही बदलत नाहीत, कारण सरासरीही तेवढीच सरकते. x मधून १७ आणि y मधून १०० वजा करू.

नवे x: १, ४, ०, ३, २, बेरीज १०.
नवे y: ४, १५, ६, ८, १२, बेरीज ४५.
गुणाकार: ४, ६०, ०, २४, २४, बेरीज ११२.
x चे वर्ग: १, १६, ०, ९, ४, बेरीज ३०.
y चे वर्ग: १६, २२५, ३६, ६४, १४४, बेरीज ४८५.

आता बेरजांवरून थेट:

Sxy = ११२ − (१० × ४५ ÷ ५) = ११२ − ९० = २२
Sxx = ३० − (१० × १० ÷ ५) = ३० − २० = १०
Syy = ४८५ − (४५ × ४५ ÷ ५) = ४८५ − ४०५ = ८०

तिन्ही जुळले. या वाटेत एकही ऋण संख्या आली नाही, म्हणून चौथ्या टप्प्यात चिन्ह गळाले असते तर ते येथे पकडले गेले असते.

सावधान: या सूत्रात पूर्णांकात आणलेली सरासरी घालू नका. समजा पाचव्या आदणाचा उतारा ११२ ऐवजी ११३ असता. मग y ची बेरीज ५४६ आणि सरासरी १०९.२ झाली असती. मूळ, न सरकवलेल्या आकड्यांवर x आणि y च्या गुणाकारांची बेरीज १०३९६. यातून दोन्ही सरासऱ्यांच्या गुणाकाराची पाचपट, म्हणजे ५ × १९ × १०९.२ = १०३७४ वजा केले की २२ मिळतात. पण सरासरी १०९ धरली तर ५ × १९ × १०९ = १०३५५, आणि उरतात ४१, म्हणजे जवळजवळ दुप्पट. Syy ची अवस्था याहून वाईट होते: खरे ८६.८, पण १०९ धरल्यावर ३०५. कारण असे की दोन मोठ्या संख्यांची लहानशी वजाबाकी करताना मोठ्या संख्येतली किंचित चूकही उरलेल्या लहान आकड्यावर पूर्ण वजनाने येऊन पडते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे या दोन चुकीच्या बेरजांवरून r काढला तर ४१ ÷ √(१० × ३०५) = ०.७४ येतो, आणि खरा r ०.७५ आहे. r जवळपास बरोबर दिसतो, पण कोव्हेरियन्स ५.५ च्या जागी १०.२५ झालेला असतो. त्यामुळे r जुळला म्हणून कोव्हेरियन्सही बरोबर, असे धरता येत नाही. तीनही बेरजा स्वतंत्रपणे जुळवाव्या लागतात. विचलनांच्या वाटेने १०९ धरली असती तर Syy ८६.८ ऐवजी ८७ आला असता, एवढाच फरक पडला असता. हाताने काढताना पहिली वाट विचलनांची आणि तपासणीची वाट बेरजांची ठेवण्याचे कारण हेच.

## टप्पा ८: उत्तराला त्याच्या मापात ठेवा

०.७८ हा आकडा मोठा वाटतो, पण तो पाचच जोड्यांवरून आलेला आहे. अशा वेळी एक सोपी परीक्षा घ्यावी: जी जोडी टोकाला आहे ती काढून उरलेल्या चारांवर पुन्हा गणित करावे. दुसरे आदण (२१, ११५) काढले तर सरासऱ्या १८.५ आणि १०७.५ होतात, Sxy = ७, Sxx = ५, Syy = ३५, आणि r = ७ ÷ √१७५ = ०.५३. एका आदणाने उत्तर ०.७८ वरून ०.५३ वर आणले. त्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरची काच नीट पुसली नव्हती असे निघाले, तर सगळा निष्कर्ष डळमळतो.

पाच जोड्यांसाठी पाच टक्के पातळीवर, दोन्ही बाजूंच्या कसोटीत, r किमान ०.८७८ असावा लागतो. त्याखाली आला तर तो निव्वळ योगायोगानेही आलेला असू शकतो असेच धरावे लागते. आपला ०.७८ त्याच्या खालीच आहे. म्हणून "या पाच आदणांत ब्रिक्स आणि उतारा एकत्र वाढताना दिसले" हे विधान करता येते, पण "ब्रिक्स वाढले की उतारा वाढतोच" हे या पाच आकड्यांवरून म्हणता येत नाही.

शिवाय r केवळ सरळ रेषेतली जोड मोजतो. x वाढताना y आधी वाढून मग उतरत असेल, तर जोड पक्की असूनही r शून्याजवळ येऊ शकतो. पाच ठिपके आलेखकागदावर काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि वक्र असेल तर तो तेथेच दिसतो. एखाद्या स्तंभातले पाचही आकडे सारखेच असतील, तर त्याच्या वर्गांची बेरीज शून्य होते, खाली शून्य येते आणि r काढताच येत नाही; तेथे r = ० लिहिणे चूक आहे, "r अस्तित्वात नाही" असे लिहावे.

## उत्तर कसे लिहावे

शेवटी वहीत नुसते "r = ०.७८" लिहून थांबू नका. वाचणाऱ्याला गणित पुन्हा करून पाहता येईल इतके तरी द्या:

n = ५ आदणे; सरासरी ब्रिक्स १९, सरासरी उतारा १०९ किलो प्रति टन; Sxy = २२, Sxx = १०, Syy = ८०; नमुन्याचा कोव्हेरियन्स (भाजक ४) = ५.५ ब्रिक्स-किलो; r = ०.७८; दुसरे आदण वगळल्यास r = ०.५३.